सारख्या निघालेल्या दोन कल्पना

आमच्या टीम लीडचा तो मेल आला तेव्हा मी फोनवर होते आणि पलीकडून मला रागावणं चालू होतं.

रागावणारी एका छोट्या हॉस्पिटलातली रिसेप्शनिस्ट होती, भंडाऱ्याच्या पुढची. आमची कंपनी हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर बनवते. पेशंटची नोंद, केसपेपर, बिल, सगळं त्यातच होतं. ते बनवणारी मंडळी पुण्यात बसतात आणि ते अडलं की फोन घेणारी आम्ही नागपुरात, आयटी पार्कजवळच्या एका इमारतीत. फोन आला की त्या तक्रारीला एक नंबर मिळतो. त्याला आम्ही तिकीट म्हणतो. आमच्या शिफ्ट आलटून पालटून असतात. माझ्या शिफ्टमध्ये ते सुटलं नाही तर पुढच्या शिफ्टमधल्या माणसाकडे जातं, त्याच्याकडून त्याच्या पुढच्याकडे.

"मॅडम, तुमच्यातल्या तिसऱ्या माणसाले सांगून राहिली मी," ती म्हणाली. "सकाळच्या सरांले सांगितलं, मंग दुपारच्यांले सांगितलं. आता तुम्ही म्हणता, काय प्रॉब्लेम आहे ते सांगा. समोर सुट्टी झालेला पेशंट उभा आहे, त्याच्या घरचे बिलासाठी थांबले आहेत. पुन्हा पहिल्यापासून सांगू काय?"

मी तिकीट उघडून पाहत होते. त्यात इंग्रजीत एवढंच लिहिलेलं होतं की बिलाची अडचण आहे, काम चालू आहे. कसली अडचण, कोणाच्या बिलाची, काय करून पाहिलं, काहीच नाही. मला तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावावंच लागलं. तिने सांगितलंही, पण आवाजातला थकवा मला कळत होता. एखाद्या पेशंटचा बेड मध्येच बदलला असेल तर त्याचं बिल काढायला गेलं की स्क्रीन अडकायची. बाकीच्यांचं बिल नीट निघायचं. ही एक गोष्ट पहिल्याच वेळी कोणी लिहून ठेवली असती तर तिची अर्धी दुपार वाचली असती.

मी त्या पेशंटचं बिल दुसऱ्या वाटेने काढून दिलं, तिकीट पुढे पाठवलं आणि मग मेल उघडला.

आमची टीम लीड अकोल्याची, वयाने माझ्याहून बरीच लहान. काही महिन्यांपूर्वीच आमच्याकडे आली होती. आम्ही तिला नावानेच हाक मारायचो आणि ती आम्हा मोठ्या बायकांना ताई म्हणायची. तोवर तिचे मेल इंग्रजीत असायचे, दोन-तीन ओळींचे. हा मात्र मराठीत होता आणि चांगला लांब. विषयाच्या जागी लिहिलं होतं, 'कल्पना पाठवा (आणि थोडे नियम, घाबरण्यासारखे नाहीत)'.

तिने लिहिलं होतं की आपलं काम सोपं कसं होईल याची सर्वात जास्त माहिती आपल्यालाच असते आणि तरी आपण ती फक्त चहाच्या टपरीवर बोलतो. म्हणून या वेळी ती माझ्याकडे पाठवा. एका मेलमध्ये एकच कल्पना. पहिल्या वाक्यात लिहा की कोणाला काय त्रास होतो, मग तुम्ही काय कराल. अर्ध्या पानापेक्षा जास्त नको. प्रेझेंटेशन तर मुळीच नको. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत डोक्यात आलं त्या भाषेत लिहा, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. नवीन काही विकत न घेता, आहे त्या माणसांत दोन आठवड्यांत करून पाहता येईल अशी कल्पना असावी. त्याहून मोठी असेल तर तीही पाठवा, ती वेगळी जपून ठेवू. माणसाबद्दलची तक्रार ही कल्पना नाही, ती करायची असेल तर माझ्याशी येऊन बोला.

कल्पना फक्त तिला एकटीला पाठवायची होती. ती नावं काढून सगळ्या एका शीटवर टाकणार होती, मग आठवडाभर सगळ्यांनी वाचायच्या. वाचताना 'हे आधी करून झालंय' किंवा 'आपल्याकडे हे चालणार नाही' असं लिहायचं नाही. शंका असेल तर प्रश्न विचारायचा. निवड झाल्यावर पाठवणाऱ्याची हरकत नसेल तरच नाव सांगायचं. आणि प्रत्येकाला उत्तर मिळेल, नाही म्हटलं तर का नाही म्हटलं तेही कळेल.

शेवटून दुसरा नियम मी दोनदा वाचला. 'दोन कल्पना सारख्या निघाल्या तर कोणी कोणाची चोरली असं धरायचं नाही. एकाच जागी काम करणाऱ्यांना एकच गोष्ट खुपते, हे चांगलं लक्षण आहे. मी दोघांनाही वेगवेगळं विचारेन. दोघांची तयारी असेल तर एकत्र बसून एकच कल्पना करायची, चहा माझ्याकडून.'

तो दोनदा वाचायला कारण होतं.

माझ्या खुर्चीपासून दोन रांगा सोडून एक जण बसायची. हिंगणघाटची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागले तेव्हा तिनेच मला हे काम शिकवलं. फोनवर चिडलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, हे तिच्याकडून शिकलेलं. आमचा डबा एकत्र असायचा. तिच्या डब्यात वडाभात असला की ती माझ्यासाठी वेगळा काढून आणायची.

एकदा आम्ही दोघींनी मिळून एक काम केलं. हॉस्पिटलांतून येणारे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची सोप्या मराठीतली उत्तरं, अशी तयार उत्तरांची यादी. कितीतरी दुपारी जेवता जेवता आम्ही ती बनवली. प्रश्न ती सांगायची, उत्तर मी लिहायचे, मग ती म्हणायची, हे कोणाला समजणार आहे वं, आणखी साधं कर. त्या वेळचे टीम लीड दुसरे होते. त्यांनी मोठ्या मिटिंगमध्ये ती पडद्यावर दाखवली आणि खाली एकटीचं नाव होतं, तिचं. टाळ्या वाजल्या. ती उठून उभी राहिली, हसली आणि खाली बसली. मी वाट पाहत राहिले की आता बोलेल, आता बोलेल. मिटिंग संपली.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा माझ्या जागेवर खायला लागले. तिने दोन-तीनदा हाक मारली, मी काम आहे म्हणाले. मग तिनेही हाक मारणं सोडलं. त्यानंतर आम्ही एकमेकींना मॅडम म्हणत होतो. कामापुरतं बोलत होतो. असं वर्षाच्या वर चाललं होतं. भांडलो असतो तर बरं झालं असतं, पण भांडणही झालं नव्हतं.

त्यामुळे कल्पना पाठवायची म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की, कशाला? पाठवायची आणि मग कोणाच्या नावावर लागते ते पाहत बसायचं.

ऑफिसात चर्चा झालीच. आमच्यात एक जुने सहकारी होते, कंपनी सुरू झाल्यापासूनचे. त्यांनी मेल वाचून खुर्ची मागे ढकलली. "ये सब बहोत बार देखा है," ते म्हणाले. "आधीपण झालं असं. पेटी ठेवली होती, चिठ्ठ्या टाका म्हणून. काय झालं त्या चिठ्ठ्यांचं?" कोणालाच माहीत नव्हतं. सगळे हसले. मीही हसले.

पण त्या रिसेप्शनिस्टचा आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. बसमध्ये महाल भागात उतरेपर्यंत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. घरी कणीक मळताना पहिलं वाक्य सापडलं. 'शिफ्ट बदलली की हॉस्पिटलातल्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि त्या वेळी त्याच्यासमोर पेशंट उभे असतात.' ते वाक्य झाल्यावर बाकीचं आपोआप आलं. मी लिहिलं की जाणाऱ्याने तिकीट नुसतं पुढे ढकलू नये. पुढच्या माणसाला तोंडी सांगावं आणि हॉस्पिटलला एक फोन करून कळवावं की आता तुमचं काम अमुक जण पाहतील, त्यांना सगळं सांगितलेलं आहे. अर्ध्या पानात बसलं. मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मस्त आहे, पाठव." मी आणखी एक कल्पना पाठवली, सकाळच्या शिफ्टची वेळ थोडी पुढे सरकवण्याची. ती खरं म्हणजे माझ्या बसच्या सोयीची होती, पण नियमात बसत होती.

लगेच उत्तर आलं. 'ताई, दोन्ही मिळाल्या. पहिल्या वाक्यासाठी खास आभार.' एवढंच. पण आपण टाकलेलं कुठेतरी पोचलं हे कळलं.

शीट उघडली तेव्हा आम्ही सगळे थोडे चकित झालो. इतक्या कल्पना येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. हेडफोनची अदलाबदल, जेवणाच्या वेळा, सोमवारी सकाळच्या फोनची गर्दी, काय काय होतं. नावं नसल्यामुळे वाचायला मजा येत होती. कोणाची असेल याचा अंदाज करत आम्ही वाचायचो आणि बहुतेक चुकायचो.

माझ्या कल्पनेच्या थोडं खाली आणखी एक होती. 'तिकीट पुढे गेलं की आधीच्या माणसाला काय कळलं होतं ते पुढच्याला कळत नाही. हॉस्पिटलवाले वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे.' पुढे उपाय होता. तिकिटाच्या सर्वात वरती साध्या भाषेत तीन ओळी लिहाव्यात. काय झालं, काय करून पाहिलं, आता काय करायचं बाकी आहे. आपण घरातल्या माणसाला सांगतो तसं.

मी वाचलं आणि पहिल्यांदा मनात आलं ते चोरीचंच. माझीच गोष्ट. मग मेलमधला तो नियम आठवला. मी पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की त्रास तोच आहे, उपाय मात्र वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा सोपा आहे.

त्या दुसऱ्या कल्पनेखाली कोणीतरी लिहून ठेवलं, 'आधी केलं होतं, चाललं नाही.' कोणी लिहिलं ते सगळ्यांना कळलं, कारण ते जुने सहकारी बोलतातही तसंच. टीम लीडने ते पुसलं नाही, की त्यांना सगळ्यांदेखत काही म्हटलं नाही. ती त्यांच्या खुर्चीजवळ गेली, शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सर, हे फार कामाचं आहे. फक्त प्रश्न करून द्याल का? म्हणजे असं की, आधी केलं तेव्हा काय अडलं होतं?"

"मीच विचारू आणि मीच सांगू?"

"हो. तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही ते."

त्यांनी कुरकुरत का होईना लिहिलं, आणि खाली उत्तरही लिहिलं. तेव्हा एक मोठा फॉर्म बनवला होता. त्यात इतके रकाने होते की फोन चालू असताना कोणी भरायचंच नाही. नंतर सगळे नुसती टिंबं टाकून पुढे जायला लागले आणि मग तो बंद झाला. ते वाचून दुसऱ्या कोणी विचारलं, 'मग तीन ओळींपेक्षा जास्त लिहूच दिलं नाही तर?' आधी झालं होतं असं ते म्हणाले ते खरंच होतं, पण आता ते दगडासारखं मध्ये पडून न राहता कामाला आलं होतं.

वाचायचा आठवडा संपता संपता मला टीम लीडचा मेल आला, मला एकटीला. 'ताई, तुमच्या पहिल्या कल्पनेसारखीच आणखी एक आली आहे, तुम्ही शीटवर पाहिली असेल. दोन्ही जोडल्या तर चांगलं होईल असं मला वाटतं. तुमची तयारी आहे का? तुम्ही दोघांनीही हो म्हटल्याशिवाय मी कोणालाही नाव सांगणार नाही. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही, दोन्ही वेगळ्या ठेवू.'

मला वाटलं दुपारच्या शिफ्टमध्ये नुकताच आलेला नवीन मुलगा असेल. मी हो कळवलं.

छोट्या मिटिंग रूमचं दार ढकललं तर आत ती बसलेली होती, हिंगणघाटची.

आम्ही दोघींनी एकदमच टीम लीडकडे पाहिलं. तिला आमचं मागचं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिने आमच्यापुढे चहाचे कप ठेवले. दोन्ही कल्पना एका कागदावर शेजारी शेजारी छापून आणल्या होत्या.

"अर्ध्या तासाने येते मी," ती म्हणाली. "जमलं तर एक करा. नाही जमलं तर नाही जमलं. आणि नियमात लिहिलंच आहे, कोणी कोणाची घेतली असं काही नाही. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी आल्या, मी स्वतः पाहिलं आहे."

दार लागलं. थोडा वेळ आम्ही दोघी तो कागदच वाचत होतो, पाठ असलेला.

"तुले माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं. मॅडम नाही म्हणाली.

"नाही. मले वाटलं तो नवीन पोरगा असंल."

"मलेपण तेच वाटलं."

ती थोडी हसली, मी नाही हसले. तिने पेन काढलं आणि कामाचं बोलायला लागली. ते बरं झालं, कारण कामाचं बोलणं आम्हाला येत होतं. तिलाही त्याच हॉस्पिटलचा फोन आला होता, मला आला त्याच्या आदल्या दिवशी, दुसऱ्याच एका तक्रारीसाठी. तेव्हाही त्या रिसेप्शनिस्टला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली होती. मी म्हणाले की नुसतं लिहून भागणार नाही, माणसाला माणसाने सांगितलं पाहिजे. ती म्हणाली की सांगणारा घाईत घरी निघालेला असतो, बसचा टाइम झालेला असतो, लिहिलेलं राहतं. दोन्ही बरोबर होतं. आम्ही कागदावर खुणा करत गेलो. ओळी तिच्या, फोन माझा. मध्येच ती म्हणाली, "हे वाक्य समजणार नाही कोणाले, साधं कर," आणि मी खोडून साधं केलं.

मग तिने पेन खाली ठेवलं.

"त्या वेळी माझ्या एकटीचं नाव आलं," ती म्हणाली. "मी तिथंच बोलायले पाहिजे होतं."

"काहून नाही बोलली?"

माझा आवाज जरा वर गेला. तिने खाली पाहिलं.

"मले आधी माहीतच नव्हतं सर दाखवणार आहेत म्हणून. पडद्यावर नाव दिसलं, टाळ्या वाजल्या, सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. उठली तर पाय कापून राहिले होते माझे. हसली आणि बसली. दुसऱ्या दिवशी सरांले जाऊन सांगितलं की हे दोघींचं आहे. ते म्हणाले, असू द्या, पुढच्या वेळी त्यांचं टाकू. मंग तुले काय सांगू? सांगितलं आणि झालं काहीच नाही, असं सांगू?"

"मले सांगायचं होतं," मी म्हणाले. "सरांचं जाऊ दे. नाव नसतं आलं तरी चाललं असतं. तू दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचं होतं."

"आली होती वं. तू काम आहे म्हणाली."

ती आली होती हे खरं, मी काम आहे म्हणाले होते हेही खरं, आणि मला राग आला होता हेही तितकंच खरं होतं. माझा राग काही त्या एका क्षणात गेला नाही. पण इतके दिवस मी जिच्यावर रागावले होते ती उभी राहून टाळ्या घेणारी बाई होती. पाय कापणारी बाई मी पाहिली नव्हती. चहा गार झाला होता. आम्ही दोघींनी तो तसाच पिऊन टाकला.

टीम लीड परत आली तेव्हा कागदावर एकच कल्पना होती. तिने वाचली आणि विचारलं, "निवडली गेली तर नावं सांगायची का?"

"दोन्ही," ती माझ्याआधी म्हणाली. "एकाच ओळीत. आणि त्यांचं आधी."

"कोणाचंही आधी चालते," मी म्हणाले, आणि ते म्हणताना मला जाणवलं की खरंच चालत होतं.

कल्पना निवडली गेली. करून पाहण्यासाठी पहिल्यांदा फक्त दुपारची शिफ्ट घेतली.

आणि पहिल्या काही दिवसांतच माझा अर्धा भाग फसला. मी हौसेने एका हॉस्पिटलला फोन केला, आता तुमचं काम अमुक जण पाहतील म्हणून सांगितलं. पलीकडून हिशेब पाहणारे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, काम झालं काय?" मी म्हणाले, अजून नाही, पण कळवायला फोन केला. "मंग झाल्यावर करा ना फोन. हे सांगायले काहून करता? इथं लाइन लागली आहे." दुसरीकडेही थोड्याफार फरकाने तसंच झालं. आम्ही त्यांचा वेळ वाचवायला निघालो होतो आणि आणखी एक फोन त्यांच्या गळ्यात टाकत होतो.

मला लागलं ते. आढाव्याला बसलो तेव्हा मी स्वतःच म्हणाले की फोन काढून टाका, ओळी चालल्या आहेत, ओळीच ठेवा.

"पूर्ण नको काढू," ती म्हणाली. मग टीम लीडकडे वळली. "फोन नको, बरोबर आहे. पण पुढच्या माणसाचं नाव त्यांले कळलं पाहिजे. नाहीतर ते पुन्हा विचारतात, आता कोणाशी बोलू? फोनऐवजी एक मेसेज जाऊ शकत नाही का? तिकीट पुढे गेलं की मेसेज तसाही जातो, त्यात नाव टाकायचं फक्त."

टीम लीडने मेसेजचा नमुना उघडून पाहिला. नाव टाकायची सोय त्यात आधीपासून होती, कोणी वापरली नव्हती. ती तिने तिथल्या तिथे चालू केली.

ओळींनाही वळण लागायला वेळ गेला. कोणी तीन ओळींत निबंध लिहायचा, कोणी एकेक शब्द. ते जुने सहकारी सुरुवातीला लिहायचेच नाहीत. मग एके दिवशी त्यांच्या हातात असं एक तिकीट आलं ज्यात सगळं नीट लिहिलेलं होतं, आणि त्यांनी ते फोन न करताच सोडवलं. ते कोणाला काही बोलले नाहीत. पण त्यांच्याकडून पुढे आलेल्या तिकिटांत ओळी दिसायला लागल्या, आखीव आणि अगदी नेमक्या. त्यांच्याइतक्या चांगल्या ओळी आमच्यात कोणीच लिहीत नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्यात काय आहे," आणि कान लाल झाले त्यांचे.

त्या अडकणाऱ्या बिलाचंही झालं. तिकिटाच्या पहिल्याच ओळीत 'फक्त बेड बदललेल्या पेशंटचं बिल अडकतं, बाकी सगळी निघतात' असं लिहिलेलं पुण्याला दिसलं आणि त्यांना चूक कुठे शोधायची ते कळलं. आधी ते सगळ्या बिलांमागे लागले होते.

दोन आठवडे संपल्यावर टीम लीडने सगळ्यांना उत्तरं पाठवली, कबूल केल्याप्रमाणे प्रत्येकाला वेगळं. कोणत्या कल्पना पुढे चालू राहणार, कोणत्या मोठ्या म्हणून जपून ठेवल्या, कोणत्या नाही, आणि का नाही. अशी आणखी एक फेरी घेऊ असंही लिहिलं होतं. शिफ्टची वेळ सरकवण्याची माझी दुसरी कल्पना नाकारली होती. तिने लिहिलं होतं, 'ताई, सकाळी ओपीडी उघडते तेव्हाच सर्वात जास्त फोन येतात, त्या वेळी माणसं कमी करता येणार नाहीत. पण तुमच्या बसची अडचण खरी असेल तर आपण बोलू, काहीतरी वेगळं काढू.' तिला बसचं कसं कळलं ते मला अजून कळलेलं नाही. नकार मिळून बरं वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

त्या दिवशी सकाळच्या शिफ्टनंतर आम्ही दोघी खाली तर्री पोहे खायला गेलो. उन्हाचे दिवस होते, टपरीवाल्याने वर हिरवं कापड बांधलं होतं, त्याच्या सावलीत उभ्या राहिलो. तर्री इतकी झणझणीत होती की दोघींच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसता पुसता ती म्हणाली, "पुढच्या फेरीत आपण एकत्र नाही पाठवायचं."

"काहून?"

"वेगवेगळं पाठवू. माझ्याजवळ एक आहे, तुले सांगणार नाही."

"माझ्याजवळपण आहे," मी म्हणाले. नव्हती. पण पोहे संपेपर्यंत एक सुचायला लागली होती.